कवितेचे दोन अर्थ निघतात, मग गुण कोणाला द्यायचे?

पाटीपेन्सिल
मी नववीला मराठी शिकवते. या वेळी अपठित पद्यासाठी छापील कविता न घेता आमच्यातल्याच एकाने लिहिलेली छोटी कविता दिली, म्हणजे मुलांना तयार उत्तर कुठेच सापडणार नाही. कविता अशी:

घर सोडताना तिने
कडी लावली नाही.
दिवा मात्र विझवला.
वाट अंगणापर्यंत आली
आणि तिथेच बसून राहिली.
सकाळी उंबऱ्यावर
पावलं होती ओली,
आत वळलेली की बाहेर,
कुणी पाहिलं नाही.

प्रश्न होता: "कवितेतील 'ती' परत येणार आहे का? सकारण लिहा. (४ गुण)". नमुना उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं: ती परत येणार आहे, कारण कडी लावलेली नाही आणि वाट तिची वाट पाहत बसली आहे.

एका मुलीने बरोबर उलट लिहिलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: "ती परत येणार नाही. दिवा विझवला म्हणजे त्या घरात आता कोणी राहणार नाही हे तिला माहीत आहे. कडी लावली नाही कारण जे आपलं राहिलं नाही त्याची राखण कोण करेल." मी चार दिले. दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी तेच उत्तर तपासून एक दिला. त्या म्हणतात, नमुना उत्तराशी जुळत नाही. मी म्हणते, हे उत्तर नमुना उत्तरापेक्षा चांगलं आहे. दोघींनाही आपलंच खरं वाटतंय, आणि मधल्या मधे त्या मुलीचे तीन गुण अडकलेत. तुम्ही काय करता?

गणितवाला
मी गणिताचा माणूस, तरी बोलतो. एका प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरं बरोबर ठरत असतील तर प्रश्नच चुकलाय. प्रश्न रद्द करा, सगळ्यांना चार गुण द्या, पुढच्या वेळी चार पर्यायांतला एक निवडायला सांगा.

कोरापान
सर, पर्याय दिलेत तर मुलं कविता न वाचता पर्यायच वाचतील. मी तरी तेच करायचो.

झुळूक
माझ्या मुलाचंही अगदी असंच झालं. तो खूप छान लिहितो, पण अक्षर वाईट. रसग्रहणात नेहमी आठापैकी चार. बाई म्हणतात, मुद्दे नाहीत. मुद्दे असतात हो, वाचता येत नाहीत इतकंच! अक्षरासाठी वेगळे गुण कापायचा काही नियम आहे का?

पाटीपेन्सिल
झुळूकताई, अक्षराचा मुद्दा वेगळा आहे, पण अगदीच असंबद्ध नाही. वाचायला त्रास झाला की तपासणारा "इथे कारण दिलंय का" हे शोधायचं थांबवतो. कारण सापडलं नाही म्हणून गुण गेले असतील, तर पेपर दाखवायला मागा आणि कारणाच्या ओळीवर बोट ठेवून विचारा.

जुनी_शाई
मी बरीच वर्षं भाषेचे पेपर तपासले, नंतर तपासलेले पेपर पुन्हा पाहण्याचं कामही केलं. गणितवाला सरांचं अर्धं बरोबर आहे. प्रश्नात दोष आहे, पण त्यांनी दाखवलेला नाही. दोन उत्तरं निघतात हा काही दोष नव्हे. ही कविता दोन्हीकडे ओढते आणि ती ओढ मुद्दाम ठेवलेली आहे. तिसऱ्या ओळीतला "मात्र" पाहा. "कडी लावली नाही. दिवा विझवला" असं असतं तर दोन कृती नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या असत्या. "मात्र" म्हणतो, या दोन कृती एकमेकींशी जुळत नाहीत, हे लक्षात घ्या. परत यायचं असेल तर दिवा का विझवला? यायचं नसेल तर दार उघडं का? एकाच बाजूचा तपशील घेऊन लिहिणाऱ्याने ही ओळ अर्धीच वाचलेली असते.

म्हणजे नमुना उत्तरही अर्धंच आहे. त्यात दिवा कुठेच नाही.

दोष कुठे आहे तर "परत येणार आहे का" या शब्दांत. असं विचारलं की मुलाला वाटतं, बाईंच्या मनात हो किंवा नाही आहे आणि ते ओळखायचंय. तपासणाऱ्यालाही तसंच वाटू लागतं. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

ओंजळ
कवितेचा अर्थ विचारायचा तर कवीला विचारा. तुम्हीच म्हणताय की कविता तुमच्यातल्या एकाने लिहिली. मग एवढा घोळ कशाला? कवी म्हणेल तो अर्थ.

पाटीपेन्सिल
ओंजळ, हे आधीच सांगायला हवं होतं. कविता त्याच बाईंनी लिहिली आहे ज्यांनी एक गुण दिला. म्हणूनच मी अडकले. त्यांचं म्हणणं, "मी लिहिताना ती परत येणार हेच मनात होतं."

कोरापान
म्हणजे कवी, परीक्षक आणि न्यायाधीश तिन्ही एकच! वकीलपत्र तेवढं त्या मुलीचं घ्या कुणीतरी.

जुनी_शाई
बाईंचा राग समजू शकतो. आपली ओळ दुसऱ्याने आपल्याला नको तशी वाचली की टोचतंच. पण त्यांच्या मनात काय होतं ते कागदावर उतरलेलं नाही, आणि मुलांसमोर फक्त कागद होता. जे मुलांना दिसूच शकत नाही त्यावर गुण कापता येत नाहीत.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात "गतोऽस्तमर्कः" हे उदाहरण घेतलंय. सूर्य मावळला, एवढंच वाक्य. पण ते कोण कोणाला म्हणतो यावर व्यंग्यार्थ बदलतो. एकाला ती काम थांबवायची वेळ वाटते, दुसऱ्याला गुरं परत हाकायची, तिसरीला प्रियकराकडे निघायची. वाच्यार्थ एकच, व्यंग्यार्थ अनेक. परीक्षेच्या कामाचं त्यात हे आहे की ते अनेक असले तरी मोकाट नाहीत. प्रत्येक अर्थाला बोलणारा, ऐकणारा, प्रसंग असा काहीतरी आधार लागतो. परीक्षेत तो आधार म्हणजे कवितेतले शब्द. तेव्हा गुण आधाराला द्यायचे आणि तो आधार अर्थापर्यंत कसा पोचतो ते दाखवण्याला द्यायचे. अर्थ कोणता निवडला याला शून्य.

गणितवाला
हे मला पटतंय. आमच्याकडेही उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण देतो. पण "शून्य" म्हणजे नक्की कसं? चार गुण कशाकशाचे, ते सांगा. नाहीतर पुन्हा ज्याची त्याची मर्जी.

जुनी_शाई
मी असं करतो. मुलाने नुसतं मत लिहिलं आणि कवितेतला एकही तपशील दिला नाही, तर जास्तीत जास्त एक. तपशील दिला पण तो मताशी जोडला नाही, म्हणजे "कारण तिने कडी लावली नाही" एवढंच लिहून थांबला, तर दोन. तो तपशील ते मत कसं सांगतो हे उलगडलं, तर तीन. आणि मताच्या विरुद्ध जाणाऱ्या तपशिलाचंही काहीतरी केलं, त्याला आपल्या वाचनात बसवलं किंवा तो बसत नाही हे मान्य केलं, तर चार.

हे तुमच्या मुलीला लावून पाहा. दिवा घेतला, तो मताशी जोडला. कडी तिच्या विरुद्ध जाणारा तपशील, तिला "राखण कोण करेल" या वाक्याने आपल्या बाजूला वळवलं. चार. तुमचं नमुना उत्तर याच मापाने तीनवर थांबतं.

पाटीपेन्सिल
नमुना उत्तराला तीन! हे बाईंना सांगायची हिंमत गोळा करते.

आणखी एक उत्तर टाकते, मला फार बोचलंय. "ही कविता अतिशय सुंदर असून कवयित्रीने आशा-निराशेचा हृदयस्पर्शी संगम साधला आहे. साध्या सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे. ती परत येईल अशी आशा वाटते." याला आम्ही दोघींनीही तीन दिले. अजिबात मतभेद नाही. काल रात्री लक्षात आलं की यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं कुठल्याही कवितेखाली चिकटवता येईल.

जुनी_शाई
हे तुम्ही फार महत्त्वाचं पकडलंत. दोन परीक्षकांचे गुण जुळले की आपण निश्चिंत होतो. पण ते बऱ्याचदा अशाच उत्तरांवर जुळतात, कारण त्यात खटकण्यासारखं काही नसतं. मी एक चाचणी करतो. उत्तरातला शब्द कवितेत शोधतो. कडी, दिवा, वाट, उंबरा, पावलं यांतलं काही आहे का? नसेल तर भाषा कितीही गोड असो, एकच्या वर जात नाही.

पिंपळपान
मी दहावीत आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? मला वाचल्या वाचल्या वाटलं की ती मेली. घर सोडणं म्हणजे देह सोडणं. दिवा विझणं म्हणजे प्राणज्योत. आम्हाला प्रतीकं अशीच शिकवतात. माझ्या उत्तराला किती मिळाले असते?

ओंजळ
पिंपळपान, हे तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पूर्ण चार!

जुनी_शाई
पिंपळपान, जरूर लिही. वाचन धाडसी आहे आणि "घर म्हणजे देह" ही आपल्या परंपरेतली ओळखीची वाट आहे. पण कवितेतलं क्रियापद पुन्हा बघ. तू लिहिलंस "दिवा विझणं". कवितेत दिवा विझला नाही, तिने विझवला. प्राणज्योत आपोआप विझते असं म्हणायचं असेल तर "विझवला" तुझ्या विरुद्ध जातो. आता तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. तो मृत्यू तिने स्वतः स्वीकारला असं काही म्हण, मग "विझवला" तुझ्या बाजूने येईल. नाहीतर इथे माझं वाचन अडतं असं लिही. दोन्हीला मी गुण देईन. पण ओळ नकळत बदलून घेतलीस आणि तिच्यावरच सगळं उभं केलंस, तर दोनच्या वर जाता येणार नाही.

गणितवाला
एका "व"साठी दोन गुण?

जुनी_शाई
सर, तुमच्याकडे वजाचं चिन्ह गळलं तर काय करता?

पण थोडं सौम्य करतो. अवतरण चुकलं म्हणून गुण जात नाहीत. चुकलेल्या अवतरणावर युक्तिवाद टेकलेला असेल तरच जातात. मुलाने "उंबऱ्यावर" ऐवजी "दारावर" लिहिलं आणि त्याचं म्हणणं पावलांबद्दल असेल, तर मी तिकडे पाहतही नाही.

पिंपळपान
समजलं. पण पाठ केलेलं प्रतीक वापरलं म्हणून गुण मिळतात असं आम्हाला सांगितलं होतं. दिवा दिसला की आशा, पाऊस दिसला की अश्रू.

पाटीपेन्सिल
पिंपळपान, तुझं वाक्य वाचून मी माझी वही काढली. मीही असंच शिकवते. "दिवा = आशा" असं फळ्यावर लिहिलेलं माझ्याच अक्षरात आहे. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या होत्या आणि त्यांची उत्तरं १९२९ साली पुस्तकात छापली, हे आम्हाला बी.एड.ला शिकवलं होतं. चांगले वाचणारे विद्यार्थीही ठरीव प्रतिसादांमध्ये अडकतात हे त्यातून दिसलं होतं. परीक्षेत उत्तर म्हणून लिहिलं मी, आणि फळ्यावर नेमकं उलट केलं.

सावलीतला
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. जुनी_शाई, तुमचा चौथा गुण "विरुद्ध जाणाऱ्या तपशिलासाठी" आहे. प्रश्नात हे कुठे विचारलंय? प्रश्न "सकारण लिहा" म्हणतो. ज्या मुलाने दोन चांगली कारणं देऊन थांबायचं ठरवलं त्याने सांगितलेलं सगळं केलं. मग त्याचा एक गुण न सांगितलेल्या अटीवर का जातो? नमुना उत्तर लपलेलं होतं, तशीच तुमची अट लपलेली आहे.

जुनी_शाई
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तुमचं बरोबर आहे. या पेपरपुरतं म्हणाल तर दोन तपशील नीट उलगडले असतील तरी चार द्यायला हवेत. म्हणजे नमुना उत्तर लिहिणाऱ्या मुलाने कडी उलगडली आणि "वाट" या शब्दातला श्लेष, रस्ता आणि प्रतीक्षा, दोन्ही दाखवला, तर त्याला चार.

पुढच्या पेपरसाठी प्रश्न बदलायचा. मी असा लिहीन: "कवितेतील 'ती' परत येईल असे तुम्हाला वाटते की नाही? तुमचे मत कवितेतील शब्दांच्या आधारे स्पष्ट करा. तुमच्या मताशी न जुळणारी एखादी ओळ असल्यास तीबद्दलही लिहा. (मत कोणतेही असले तरी चालेल.)" कंसातलं वाक्य मुलांसाठी आहेच, त्याहून जास्त तपासणाऱ्यांसाठी आहे.

सावलीतला
हे चालेल. तरी मला वाटतं, शेवटच्या बाकावरचं मूल "न जुळणारी ओळ" वाचून घाबरेल आणि आपलं चांगलं मतच खोडून टाकेल. मी असं होताना पाहिलंय. तो भाग वेगळा करून एक गुणाचा उपप्रश्न ठेवा.

जुनी_शाई
वेगळा केला की तो मताशी जोडला जात नाही, मुलं कोणतीही ओळ उचलून लिहितात. पण तुमची भीतीही खोटी नाही. इथे माझं आणि तुमचं जुळणार नाही बहुतेक.

झुळूक
मी सगळा धागा वाचला आणि मुलाचा पेपर पुन्हा काढला. त्याने लिहिलंय "पक्षी झाडावर बसला म्हणून कवीला एकटं वाटतं". अक्षराचं सोडा, पक्षी बसला म्हणून एकटं का वाटावं ते त्याने लिहिलंच नाहीये. दोन द्यायला हवे होते ना याला? चारातले?

जुनी_शाई
हो ताई, दोन. त्याला फक्त विचारा, "म्हणून" कसं काय? पुढचं वाक्य तोच लिहील.

पाटीपेन्सिल
चार दिवसांनी परत आलेय, कारण आम्ही काहीतरी केलं.

बाई आधी नाराज होत्या. मग मी त्यांना उत्तरं दाखवण्याऐवजी आधी एकत्र तपासूया म्हटलं. दोन्ही तुकड्यांतून दहा उत्तरं काढली. चांगली, वाईट, मधली, आणि दोन अगदी विचित्र. नावं झाकून झेरॉक्स काढल्या. दोघींनी वेगवेगळं बसून तपासलं, गुण उत्तरावर न लिहिता वेगळ्या कागदावर, आणि प्रत्येक गुणापुढे एक ओळ: कशासाठी. पहिल्या फेरीत आम्ही दोघींनी आपापल्या जुन्या पद्धतीने गुण दिले. चार उत्तरांवर दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक आला. दुसऱ्या फेरीत जुनी_शाईंची पद्धत घेतली, सावलीतलांची दुरुस्ती धरून. फक्त एका उत्तरावर एका गुणाचा फरक राहिला.

कारणाची ओळ लिहिण्याने सगळ्यात जास्त फरक पडला. बाईंनी त्या मुलीच्या उत्तरापुढे पहिल्या फेरीत लिहिलं होतं, "आशय लक्षात आला नाही". दुसऱ्या फेरीत त्यांनी स्वतःच ते खोडलं, कारण कुठला शब्द लक्षात आला नाही ते त्यांना सांगता येईना. चार दिले. गोड भाषेच्या त्या उत्तराला आम्ही दोघींनी तीनवरून एकवर आणलं, आणि हे मला जास्त जड गेलं. मुलगा हुशार आहे, मन लावून लिहितो. त्याला बोलावून कवितेतला एक शब्द निवडायला सांगणार आहे.

आणि एक घोटाळा सापडला. मी माझ्या तुकडीचे पेपर एकेक पूर्ण तपासते, त्यामुळे मुलाने व्याकरणात चांगले गुण घेतले असले की कवितेपर्यंत येईतो माझं मत तयार झालेलं असतं. आता सगळ्यांचा हाच प्रश्न आधी, मग पुढचा, आणि दर प्रश्नाला गठ्ठा उलटसुलट करून.

गणितवाला
आम्ही गणिताचे पेपर असेच तपासतो, एका वेळी एक प्रश्न. पहिले पाच पेपर शेवटी पुन्हा बघा. सुरुवातीला हात आखडलेला असतो.

पिंपळपान
ताई, ज्या एका उत्तरावर फरक राहिला ते कोणतं?

पाटीपेन्सिल
तेच लिहायला आले होते. एका मुलाने लिहिलंय:

"ती म्हणजे रात्र. रात्र घर सोडून जाते तेव्हा दिवा विझवते कारण उजाडलेलं असतं. कडी लावत नाही कारण आता दार उघडंच राहणार. सकाळी उंबऱ्यावरची ओली पावलं म्हणजे दव. रात्र रोज येते, म्हणून ती परत येणार."

मी तीन वेळा कविता वाचली. "ती" बाई आहे असं कवितेत कुठेच म्हटलेलं नाही. आम्हीच धरून चाललो होतो. दव तर मला एकदाही सुचलं नव्हतं, पावलं ओली का आहेत हा प्रश्नच मी टाळला होता.

जुनी_शाई
वा. पण वाट अंगणात येऊन बसून राहिली, त्याचं त्याने काय केलं?

पाटीपेन्सिल
काहीच नाही. म्हणून मी तीन दिले. तीन तपशील उलगडले आणि एक मोठी ओळ सोडून दिली.

सावलीतला
प्रश्नात सगळ्या ओळी घ्या असं म्हटलेलं नाही. दोन तपशील उलगडले की चार, हे आपणच वर ठरवलं. त्याने तीन उलगडले. चार.

पाटीपेन्सिल
बाईंचंही तेच. त्यांनी चार दिले. "रात्र माझ्या मनातसुद्धा नव्हती," म्हणाल्या, आणि बराच वेळ तो कागद हातात धरून बसल्या. नावं अजून झाकलेलीच आहेत. उद्या झेरॉक्स तिसऱ्या शिक्षकांकडे देतोय, आमचे गुण न सांगता.